नवीन कार्बन तीन आठवड्यांत संपतात: ग्रेड बदलू की कम्युटेटरमध्येच दोष आहे?

तिसरीपाळी (१२ ऑगस्ट, रात्री ११:४०)

मी दहिसरला प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आमच्या एक्स्ट्रूडरवर जुनी डीसी मोटर आहे. ७५ किलोवॅट, ४४० व्होल्ट, नेमप्लेटवर १९० अँपिअर. बारा वर्षं तिने काही त्रास दिला नाही. मे महिन्यात बेअरिंगसाठी बाहेर दिली, तेव्हा रिवाइंडिंगवाल्याने कम्युटेटर लेथवर धरून साफ केला आणि 'थोडे कार्बन बदललेत' म्हणाला. परत आल्यापासून एका कडेला बारीक निळ्या ठिणग्या दिसतात आणि तीन आठवड्यांत कार्बन बारा मिलिमीटर झिजले. पूर्वी हेच कार्बन वर्षभर जायचे.

कम्युटेटरवर गोल गोल बारीक रेघा पडल्यात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. मधे मधे तांबं कोरं दिसतं. मालक म्हणतात, लोहार चाळीतून कडक ग्रेडचा कार्बन आण, टिकेल. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. कोणता ग्रेड घ्यावा?

---

शॉर्टसर्किट (१३ ऑगस्ट, सकाळी ८:१५)

तांबंमिश्रित कार्बन लावा. वीज चांगली वाहते, गरम होत नाही, टिकतो पण जास्त. आमच्याकडे प्लेटिंगच्या जनरेटरला तेच आहेत, पाच वर्षं झाली.

---

अनघा_बोरिवली (१३ ऑगस्ट, सकाळी ९:०२)

माझ्या मिक्सरमधूनही अशाच निळ्या ठिणग्या येतात आणि जळका वास येतो. दुकानदाराने कार्बन बदलून दिले तरी येतात. म्हणजे ग्रेड चुकीचा दिला असेल का? मोटर तीच ना, कार्बनवाली?

---

मीरा_ठाणे (१३ ऑगस्ट, सकाळी १०:३०)

अनघाताई, तत्त्व तेच आहे, पण मिक्सरची मोटर मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्या फिरते आणि तिच्यात थोड्या ठिणग्या असतातच. कार्बन बदलूनही जळका वास राहिला तर आर्मेचर तपासून घ्या, कार्बनवर आणखी पैसे घालवू नका.

तिसरीपाळी, ग्रेडचं नंतर बघू. आधी चार गोष्टी सांगा. १) मोटर सध्या प्रत्यक्षात किती अँपिअर घेते? नेमप्लेटचा आकडा नको, ड्राइव्हवर दिसतो तो. २) कार्बनची लांबी-रुंदी आणि एकूण संख्या. ३) लेथवर किती तांबं काढलं? ४) मोटर बंद करून, आयसोलेटर लॉक करून, कम्युटेटरवरून आडवं नख फिरवा. कुठे अडतं का? आणि आर्मेचर बंद झालं तरी फील्डचा सप्लाय बऱ्याचदा चालूच असतो. तोही काढल्याशिवाय हात आत घालू नका.

शॉर्टसर्किट, प्लेटिंगचा जनरेटर आठ-दहा व्होल्टचा असतो, तिथे तुमचं बरोबर आहे. ४४० व्होल्टला तोच कार्बन घातक ठरेल. का ते संध्याकाळी लिहिते, आत्ता साइटवर आहे.

---

शेडमास्तर (१३ ऑगस्ट, दुपारी १:४५)

मी कुर्ल्याच्या कारशेडमध्ये एकतीस वर्षं काढली. १५०० व्होल्ट डीसीच्या लोकलच्या ट्रॅक्शन मोटर माझ्या हाताखालून गेल्या. मुंबईत विजेची पहिली गाडी १९२५ साली व्हीटी ते कुर्ला धावली, ती याच १५०० व्होल्टवर. २०१६ साली हार्बरचंही डीसी गेलं आणि तो सगळा काळ संपला.

माझं मत सांगतो. स्प्रिंग ढिली असणार. आम्ही चौरस सेंटीमीटरला साडेतीनशे ग्रॅमपर्यंत दाब ठेवायचो. दाब कमी पडला की कार्बन उडतो, ठिणगी पडते आणि झीज होते. स्प्रिंगबॅलन्स लावून मोजा, कमी निघाला तर वाढवा.

आणखी एक, कम्युटेटर चकचकीत करू नका. नवीन पोरं येऊन पॉलिश पेपर मारायची आणि आम्ही ओरडायचो. चॉकलेटी रंगाचा जो थर येतो तीच त्याची कातडी.

---

तिसरीपाळी (१३ ऑगस्ट, रात्री १०:२०)

मीराताई, सगळं बघून आलो.

१) पूर्वी मोठे पाइप काढायचो तेव्हा १४०-१५० अँपिअर लागायचे. मार्चपासून लहान व्यासाची ऑर्डर आहे, ड्राइव्हवर ७० च्या आसपास दिसतात.
२) कार्बन ३२ बाय साडेबारा मिलिमीटर. चार आर्म, प्रत्येकी तीन, एकूण बारा.
३) रिवाइंडिंगवाल्याच्या चिठ्ठीवर 'व्यास २ मिमी कमी' लिहिलंय.
४) नख अडतं! सगळीकडे नाही. १११ सेगमेंट आहेत, त्यांतल्या वीस-बावीस फटींवर स्पष्ट अडलं.

शिवाय बारा कार्बनमधल्या आठांवर एक नंबर ठोकलाय, चारांवर वेगळाच. स्प्रिंगचा दाब मोजला, चौरस सेंटीमीटरला २१० ते २२० ग्रॅम.

---

शॉर्टसर्किट (१३ ऑगस्ट, रात्री १०:४५)

हिशेब करून बघितला. एका कार्बनचं क्षेत्रफळ ४ चौरस सेंटीमीटर, बारांचं ४८. ७० भागिले ४८ म्हणजे दीड अँपिअर. कार्बनवर लोडच नाही, मग झिजतील कशाने? म्हणजे माल खराब आहे. दुसऱ्या दुकानातून घ्या.

---

मीरा_ठाणे (१४ ऑगस्ट, सकाळी ७:१०)

शॉर्टसर्किट, भागाकाराची दिशा बरोबर आहे, पण बारांनी भागायचं नाही. करंट दोन पॉझिटिव्ह आर्ममधून आत जातो आणि दोन निगेटिव्हमधून बाहेर येतो. तोच करंट दोनदा मोजला जातो. एका वेळी सहाच कार्बन धरायचे, म्हणजे २४ चौरस सेंटीमीटर. १९० ला जवळपास ८ अँपिअर दर चौरस सेंटीमीटर, आणि इलेक्ट्रोग्राफाइटला ते अगदी मानवतं. ७० ला मात्र २.९.

'लोड नाही तर झीज कशाने' हा तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे, कारण नेमकं उलट घडतं. कार्बनचं तोंड आपल्याला सपाट दिसतं, पण करंट त्यातल्या थोड्याच ठिपक्यांमधून जातो. हे ठिपके जागा बदलत राहतात, म्हणून थर सगळीकडे सारखा बनतो. तांब्याचा ऑक्साइड, त्यावर ग्राफाइटची पुटी आणि हवेतला ओलावा, असा तो थर असतो. त्याला बनायला आणि टिकायला पुरेसा करंट आणि त्यातून येणारी ऊब लागते. चार-पाच अँपिअरच्या खाली दिवसेंदिवस चालवलं की ठिपके जागा सोडत नाहीत, त्याच रेघांवर करंट गोळा होतो, तिथून तांब्याचे कण उचलले जाऊन कार्बनच्या तोंडात रुततात आणि ते कण कम्युटेटरवर रेघा ओढतात. तिसरीपाळी, एक कार्बन काढून तोंड उजेडात तिरकं धरा. बारीक तांबडे ठिपके चमकले तर हेच चाललंय.

तांबंमिश्रित का नको, ते सांगते. फिरताना कार्बन एकाच वेळी दोन-तीन सेगमेंटवर बसतो, म्हणजे मधली कॉइल क्षणभर शॉर्ट होते. त्या कॉइलमध्ये जो करंट घुमतो त्याला आळा घालायला कार्बन आणि तांबं यांच्या सांध्यातला व्होल्टेज ड्रॉप कामाला येतो. इलेक्ट्रोग्राफाइटला तो साधारण एक व्होल्ट असतो, तांबंमिश्रित कार्बनला पाव व्होल्टच्या आसपास. प्लेटिंगच्या जनरेटरला आठ व्होल्टांतले दोन व्होल्ट दोन्ही बाजूंच्या कार्बनमध्येच घालवणं परवडत नाही, म्हणून तिथे तांबं वापरतात. ४४० व्होल्टच्या मोटरला तोच ड्रॉप हवा असतो.

म्हणून 'कडक ग्रेड' या शब्दाला फार अर्थ नाही. कडकपणावरून झीज ठरत नाही. मालकांना एवढंच सांगा की आत्ताचा ग्रेड गुन्हेगार आहे हेच अजून सिद्ध झालेलं नाही. दोन ग्रेड एकत्र बसवलेत हा दोष मात्र पक्का. दोघांचा ड्रॉप वेगळा, त्यामुळे एक जास्त करंट ओढतो आणि दुसरा उपाशी राहतो.

---

लेथवाला (१४ ऑगस्ट, सकाळी ११:३०)

साकीनाक्याला माझं रिवाइंडिंगचं छोटं शॉप आहे. ताईंनी करंटचं बरोबर सांगितलं, पण मला ठिणगीचं मूळ मायकात दिसतं.

व्यास दोन मिलिमीटर कमी केला, म्हणजे प्रत्येक बाजूने एक मिलिमीटर तांबं गेलं. अशा मोटरला मायका साधारण एक ते सव्वा मिलिमीटर खोल काढलेला असतो. एक मिलिमीटर तांबं काढलं की खाली राहिलं काय? पाव मिलिमीटर, आणि काही फटींत तेवढंही नाही. टर्निंग झालं की मायका पुन्हा काढलाच पाहिजे, १११ च्या १११ फटी. तुमच्याकडे दिसला तेवढाच काढलेला दिसतो. तांबं झिजतं, मायका त्या मानाने झिजत नाही, म्हणून दोन महिन्यांत तो वर आला. प्रत्येक फेरीला कार्बन त्या वीस-बावीस कडांवर आपटतो, उडतो, आणि उडाला की ठिणगी.

शेडमास्तर काका, म्हणून दाब वाढवून कार्बन दाबून धरता येईल, पण तो मायकावर आणखी जोरात घासेल.

---

शेडमास्तर (१४ ऑगस्ट, दुपारी २:००)

लेथवाले, मान्य. गाडीखालच्या मोटरला रुळाचे हादरे बसतात, म्हणून आमचा दाब जास्त होता. जमिनीवर बसवलेल्या मोटरला २१० ग्रॅम पुरे आहेत. माझं म्हणणं मागे घेतो. आणि तिसरीपाळी, बाराही जागी दाब सारखा निघाला ही चांगली खूण आहे.

मायका काढायचं काम मी स्वतः करायचो. हॅक्सॉचं ब्लेड घेऊन त्याच्या दातांची फाक दोन्ही बाजूंनी ग्राइंडरवर उतरवायची, एका टोकाला कापडी मूठ गुंडाळायची आणि फटीतून आपल्याकडे ओढत आणायचं. घाई केली की ब्लेड निसटतं आणि तांब्यावर ओरखडा पडतो.

---

लेथवाला (१४ ऑगस्ट, दुपारी ३:२०)

काका, पद्धत तीच, पण तिच्यात एक खोच आहे. फाक उतरवलेलं ब्लेड साधारण ०.६५ मिलिमीटर जाड राहतं. यांच्या मोटरला मायका ०.८ चा असेल तर ब्लेड मधून जातं आणि दोन्ही भिंतींना चिकटून मायकाची पातळ पापडी उभी राहते. वरून बघितलं तर फट स्वच्छ काळी दिसते. पण ती पापडी तांब्याच्या पातळीलाच असते आणि कार्बनला तीच खाते. मी ब्लेडने काढल्यावर फटीच्या दोन्ही भिंती स्क्रेपरने खरवडतो आणि भिंग लावून तिरक्या टॉर्चमध्ये प्रत्येक फट बघतो. शक्य असेल तर मायकापेक्षा केसभर जाड गोल कटर लावलेलं छोटं यंत्र वापरा, पापडी राहतच नाही.

त्यानंतर सेगमेंटच्या कडा मोडायच्या. ४५ अंशात, ०.२ ते ०.३ मिलिमीटर, त्याहून जास्त नको. हे बरेच जण सोडून देतात. कड धारदार राहिली तर ती कार्बनला रंध्यासारखी तासते, आणि तांब्याची सळ फटीवर ओढली गेली की दोन सेगमेंट जोडले जातात.

---

गिरगावकर (१४ ऑगस्ट, रात्री ९:१५)

धागा वाचतोय, फार उपयोगी चाललाय. मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत अजून वॉर्ड लिओनार्डची लिफ्ट चालू आहे, मोटर-जनरेटर सेटवर. तिच्या कम्युटेटरवर कधीकधी कार्बनच्या आकाराचे चार काळे डाग उमटतात, जणू शिक्के मारलेत. गणपतीत ऑफिसं चार-पाच दिवस बंद असली की हमखास. ही पण करंट कमी असल्याची खूण का?

---

मीरा_ठाणे (१४ ऑगस्ट, रात्री १०:४०)

गिरगावकर, नाही, तुमचं वेगळं आहे. मशीन दमट हवेत उभं राहिलं की कार्बनखालचा ओलावा तांब्याला तिथल्या तिथे खातो. सुट्टीआधी कार्बन उचलून ठेवा किंवा प्रत्येकाखाली कोरड्या प्रेसपानची पट्टी सरकवा, आणि सुरू करण्याआधी ती काढायची आठवण मशीनवरच लिहून ठेवा. अँटी-कंडेन्सेशन हीटर असेल तर तो चालू आहे का बघा.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर, थराला हवेत घनमीटरमागे आठ ते पंधरा ग्रॅम पाणी मानवतं. मुंबईत ऑगस्टमध्ये ते पंचवीसच्या आसपास जातं. ओलाव्याने थर जाड होतो आणि जाड थर कमी करंटला फोडता येत नाही, तो ठिकठिकाणीच फुटतो. म्हणून तिसरीपाळींच्या रेघांना पावसाळ्याने हातभार लावला असावा असं मला वाटतं.

---

लेथवाला (१४ ऑगस्ट, रात्री ११:०५)

पावसाळ्याचं मला पटत नाही, ताई. माझ्याकडे जानेवारीतही अशाच रेघांच्या मोटर येतात. बारा वर्षं पावसाळे त्या मोटरने काढलेच की.

---

मीरा_ठाणे (१४ ऑगस्ट, रात्री ११:२०)

बारा वर्षं १५० अँपिअरवर काढले, ७० वर नाही. पण ठीक आहे, याचा निकाल या एका मोटरवरून लागणार नाही.

तिसरीपाळी, आता काय करायचं ते. मायकाचं लेथवाल्यांनी सांगितलं तसं, सगळ्या फटी. बाराही कार्बन एकाच ग्रेडचे, आणि तो ग्रेड मोटर बाहेर जाण्याआधी होता तोच. जुना नंबर स्टोअरच्या वहीत मिळेल. त्यातला एक पूर्ण ट्रॅक काढा, म्हणजे प्रत्येक आर्मवरचा एकाच रेषेतला एक कार्बन. चार निघतील, आठ राहतील. एका आर्मवरून एक आणि दुसऱ्यावरून दोन असं चुकूनही करू नका. एका वेळचं क्षेत्रफळ १६ होईल, ७० अँपिअरला ४.४ पडतील.

पण आता ही मोटर पूर्वीची राहिली नाही. १९० अँपिअर दिले तर चौरस सेंटीमीटरला १२ पडतील, ते सतत चालवायला नको. ड्राइव्हमध्ये करंट लिमिट १५० वर आणा आणि पॅनेलवर चिठ्ठी चिकटवा की 'चार कार्बन काढलेत, मोठी ऑर्डर आली तर आधी बसवा'. तुम्ही रजेवर असताना दुसरा कोणी लिमिट वाढवेल, ती भीती मोठी.

---

तिसरीपाळी (१६ ऑगस्ट, रात्री १२:३०)

स्वातंत्र्यदिनाला प्लांट बंद होता, दोघांनी मिळून काम केलं. कार्बनच्या तोंडात तांबड्या ठिपक्या होत्याच, मोबाईलच्या टॉर्चमध्ये स्पष्ट चमकल्या. रॉकरची खूण जुन्या खुणेशी जुळली, म्हणजे न्यूट्रल हललेलं नाही. डायल गेजवर कम्युटेटरची लचक ०.०३ मिलिमीटर आली.

१११ फटींना सात तास लागले. लेथवाले, पापडी खरोखर होती! वरून स्वच्छ दिसणाऱ्या फटीत स्क्रेपर घातला की अभ्रकाची चकाकती सळी निघायची, नखाच्या कडेएवढी. कडा मोडल्या. शेवटी कम्युटेटर स्टोन हलक्या हाताने फिरवला, रेघा पूर्ण जाऊ दिल्या नाहीत, फक्त चढ काढले. कार्बन गार्नेट पेपरवर बसवून घेतले, पेपर फिरण्याच्या दिशेनेच ओढला. सुरुवातीला मेगरवर ०.६ मेगओहम होतं. व्हॅक्यूमने कार्बनची भुकटी काढल्यावर ८ आलं.

फक्त एक अडचण. आता चालू केल्यावर तांबं पूर्ण नागडं दिसतंय, थर नाही. घाबरायचं का?

---

शेडमास्तर (१६ ऑगस्ट, सकाळी ७:००)

घाबरू नका. दुधावर साय धरायला वेळ लागतो तसं आहे ते. पहिले दोन दिवस शक्य तेवढा लोड द्या आणि मधेच पेपर मारायचा मोह आवरा. व्हॅक्यूम वापरलंत ते उत्तम केलंत. हवा मारली असती तर सगळी भुकटी वाइंडिंगमध्ये जाऊन बसली असती.

---

शॉर्टसर्किट (१६ ऑगस्ट, सकाळी ९:४०)

मीराताई, सहाने भागायचं कळलं. आमच्या जनरेटरलाही मी चुकीचंच मोजत आलो होतो, आता परत मोजतो. एक विचारायचं होतं. तिसरीपाळी, डायवर पाइप चिकटू नये म्हणून काही फवारता का? आमच्या शेजारच्या मोल्डिंगवाल्याला सिलिकॉन स्प्रेने त्रास झाला होता. त्याच्या कार्बनची राख व्हायची, आणि कारण सापडायला सहा महिने गेले.

---

तिसरीपाळी (१६ ऑगस्ट, दुपारी १:१०)

फवारतो! रोज. डाय हेडवर सिलिकॉन स्प्रे, आणि मोटरचा ब्लोअर त्याच हॉलमधली हवा ओढतो. जानेवारीत नवीन ऑपरेटर आला, तेव्हापासून स्प्रेचा वापरही वाढलाय. हे मला कधी सुचलंच नसतं.

---

मीरा_ठाणे (१६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०)

शॉर्टसर्किट, फार मोलाचं विचारलंत. सिलिकॉनची वाफ कार्बनखाली जळून वाळूसारखी होते आणि झीज कित्येक पटींनी वाढते. बंदिस्त मोटरमध्ये हा त्रास सगळ्यात वाईट. इथे ब्लोअर आहे, हवा सतत बदलते, त्यामुळे कितपत होत असेल ते ठामपणे सांगता येणार नाही. तिसरीपाळी, एका वेळी एकच बदल करून बघितलात तर खरं कारण कळेल. स्प्रे अजून महिनाभर तसाच राहू दे, मग बंद करा.

---

तिसरीपाळी (१६ ऑगस्ट, रात्री १०:००)

ताई, तुमचं बरोबर आहे, पण मालक थांबायला तयार नाहीत. आजच ब्लोअरचं तोंड डक्टने भिंतीबाहेर काढलं आणि स्प्रे बदलून सिलिकॉन नसलेला आणला.

---

तिसरीपाळी (२९ सप्टेंबर, रात्री ११:१५)

धागा वर आणतो. सहा आठवडे, म्हणजे साधारण साडेआठशे तास झाले. आठ कार्बन मोजले. सहा कार्बन दोन मिलिमीटरच्या आसपास झिजलेत, दोन जवळपास साडेतीन. ते दोन्ही एकाच आर्मवरचे. ठिणग्या नाहीत. चालणाऱ्या दोन ट्रॅकवर सारखा तपकिरी थर आलाय, उन्हात वाळवलेल्या चिंचेच्या टरफलासारखा. रिकाम्या ट्रॅकवर फक्त निस्तेज काळसर पट्टा.

त्या एका आर्मचं कळत नाही. दाब परत मोजला, सारखाच आहे.

---

लेथवाला (३० सप्टेंबर, सकाळी ८:३०)

त्या आर्मचे पिगटेल बघा. बोल्टखाली गंज किंवा रंग असेल तर दुसऱ्या आर्मवर भार जातो. रंग उडालेली, निळसर पडलेली वायर दिसली का?

---

मीरा_ठाणे (३० सप्टेंबर, सकाळी ९:५०)

आणि तो आर्म पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, तेही सांगा. दोन्हींची झीज बऱ्याचदा सारखी नसते. त्याच्या जोडीचा, त्याच पोलॅरिटीचा आर्मही जास्त झिजला असता तर मी तेच कारण मानलं असतं. एकच झिजला म्हणजे लेथवाले म्हणतात ते आधी बघा, मग होल्डर आणि कम्युटेटर यांच्यातलं अंतर मोजा. दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कार्बन होल्डरमध्ये तिरका होऊन चालतो.

---

तिसरीपाळी (३० सप्टेंबर, दुपारी २:२०)

पिगटेल चांगले आहेत, बोल्टखाली स्वच्छ. आर्म निगेटिव्ह आहे. अंतर तीन आर्मना दोन मिलिमीटर, या एकाला चार. व्यास कमी केल्यावर बाकीचे होल्डर कोणीतरी खाली घेतले आणि हा राहिला असावा. रविवारी शिफ्ट बंद असते, तेव्हा खाली घेतो.

---

अनघा_बोरिवली (३० सप्टेंबर, संध्याकाळी ५:००)

मीराताई, मिक्सरचं आर्मेचर खरंच गेलं होतं. दुसऱ्या दुकानात तपासलं, एक कॉइल जळलेली निघाली. धन्यवाद.

---

गिरगावकर (१ ऑक्टोबर, सकाळी १०:१०)

गणपतीच्या सुट्टीत प्रेसपानच्या पट्ट्या घातल्या होत्या. यंदा डाग नाहीत. तिसरीपाळी, रविवारी होल्डर खाली घेतलात की त्या आर्मचा आकडा नक्की टाका. आमच्या सेटला पण एका बाजूचेच कार्बन जास्त जातात, मी आजवर पोलॅरिटीवर ढकलत आलोय.